डिसिजन ट्री: तालुक्याचा गेन सर्वांत जास्त आला, तर मुळाशी तालुकाच घ्यायचा का?

तापीकाठ

डेटा मायनिंगच्या युनिटमध्ये आम्हाला इन्फर्मेशन गेन वापरून डिसिजन ट्री काढायला दिली आहे. पुस्तकातला टेनिसचा तक्ता सर्वांचा पाठ झाला आहे, म्हणून आमच्या गटाने जळगाव भागातल्या केळीवर स्वतःचा आठ ओळींचा तक्ता तयार केला. यातील नोंदी सरावासाठी कल्पिलेल्या आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष बागेच्या नाहीत. बाग या रकान्यातले मृग आणि कांदे हे केळी लागवडीचे हंगाम आहेत, आणि स्कर्टिंग बॅग म्हणजे घडाला घालायची पिशवी. शेवटचा रकाना क्लासचा आहे, म्हणजे माल निर्यातीच्या बॉक्समध्ये गेला की स्थानिक बाजारात गेला, हे तो सांगतो.

| क्र. | रोप | बाग | स्कर्टिंग बॅग | तालुका | माल |
|---|---|---|---|---|---|
| १ | टिश्यू | मृग | होय | रावेर | निर्यात |
| २ | टिश्यू | मृग | नाही | चोपडा | निर्यात |
| ३ | टिश्यू | कांदे | होय | रावेर | निर्यात |
| ४ | टिश्यू | कांदे | होय | यावल | निर्यात |
| ५ | टिश्यू | कांदे | नाही | मुक्ताईनगर | स्थानिक |
| ६ | कंद | मृग | होय | यावल | स्थानिक |
| ७ | कंद | मृग | नाही | मुक्ताईनगर | स्थानिक |
| ८ | कंद | कांदे | नाही | शहादा | स्थानिक |

आमच्या हिशेबाने रोपाचा गेन ०.५४९, स्कर्टिंग बॅगचा ०.१८९, बागेचा ० आणि तालुक्याचा ०.७५ येतो. ज्याचा गेन सर्वांत जास्त तो रूट नोड, हा नियम धरला तर तालुका मुळाशी यायला हवा. मात्र शेतीतली माहिती असलेला कोणीही म्हणेल की आधी रोप पाहावे. नियम आणि समज यांच्यात येथे फरक का पडतो? शिवाय बागेचा गेन शून्य असल्यामुळे तो रकाना काढून टाकणे योग्य होईल का?

पांझरा

आकडे बरोबर दिसतात. लॉग २ च्या पायावर घेतला आहे ना, एवढे मात्र तपासा. १० चा पाया घेतला तर झाडच चुकीचे येईल. तालुक्याची अडचण जुनी आहे आणि तिच्यावर गेन रेशो हा पूर्ण उपाय आहे. गेनऐवजी गेन रेशो काढा, म्हणजे सर्व प्रश्न संपतील. बागेचा गेन शून्य आहे, म्हणजे तो रकाना निरुपयोगी आहे. तो खुशाल काढा.

अनेर

मी हा विषय शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पांझरा यांच्या उत्तरातील काही भाग बरोबर आहे, काही मला मान्य नाही.

प्रथम गेन नेमके काय मोजतो ते याच तक्त्यावर पाहू. आठ ओळींत चार निर्यात आणि चार स्थानिक आहेत, म्हणून काहीही न विचारता अंदाज बांधायचा तर अनिश्चितता पूर्ण १ आहे. आता रोप विचारले. कंदाच्या तिन्ही ओळी स्थानिक आहेत, तेथे अनिश्चितता शून्य उरते. टिश्यूच्या पाच ओळींत चार निर्यात आणि एक स्थानिक आहे, तेथे एन्ट्रॉपी ०.७२२ येते. ही दोन मूल्ये ओळींच्या प्रमाणात एकत्र केली की ५/८ गुणिले ०.७२२, म्हणजे ०.४५१ एवढी अनिश्चितता शिल्लक राहते. एकातून ती वजा केली की ०.५४९. प्रश्न विचारल्यामुळे जेवढी अनिश्चितता कमी झाली, तेवढा गेन.

तालुका विचारला की आठ ओळी पाच फांद्यांत विखुरतात. रावेरच्या दोन्ही निर्यात, मुक्ताईनगरच्या दोन्ही स्थानिक, चोपड्याची एकच ओळ, शहाद्याचीही एकच. फक्त यावलच्या दोन ओळींत मतभेद आहे. त्यामुळे २/८ एवढीच अनिश्चितता उरते आणि गेन ०.७५ होतो. चोपड्याची फांदी शुद्ध आहे यात काही विशेष नाही, कारण एकाच ओळीचा गट शुद्धच असतो, तिचा क्लास कोणताही असला तरी. गेनच्या सूत्राला मात्र ही शुद्धता आणि कंदाच्या तीन ओळींची शुद्धता यांतला फरक दिसत नाही. फांदी जितकी बारीक, तितकी ती योगायोगाने शुद्ध होण्याची शक्यता जास्त. अनेक मूल्ये असलेल्या रकान्याकडे गेनचा कल असतो तो यामुळे.

याची परीक्षा सोपी आहे. तालुका मुळाशी घेऊन झाड काढा आणि त्याला पाचोऱ्याची एक नवी ओळ द्या. त्या झाडात पाचोऱ्यासाठी फांदीच नाही. रोप मुळाशी असलेले झाड मात्र पाचोऱ्याच्या ओळीलाही उत्तर देते.

आता गेन रेशो. रॉस क्विनलन यांनी १९८६ च्या आयडी-३ वरील लेखातच ही त्रुटी नोंदवून हा उपाय सुचवला होता, आणि पुढे सी-४.५ मध्ये तो रूढ झाला. यात रकाना ओळींना किती फांद्यांत पसरवतो त्याचीच एन्ट्रॉपी काढतात आणि तिने गेनला भागतात. तालुक्यासाठी दोन-दोन ओळींच्या तीन फांद्या आणि एकेका ओळीच्या दोन, म्हणून भाजक २.२५ येतो आणि रेशो ०.३३३ होतो. रोपासाठी पाच आणि तीन अशी विभागणी, भाजक ०.९५४ आणि रेशो ०.५७५. रोप पुढे आले, येथपर्यंत पांझरा बरोबर आहेत.

परंतु हा पूर्ण उपाय नाही. तक्त्यातला अनुक्रमांकाचा रकानाही ॲट्रिब्यूट म्हणून धरा. आठ ओळी, आठ फांद्या, प्रत्येक शुद्ध. गेन १, भाजक ३, रेशो ०.३३३. आता स्कर्टिंग बॅगचा रेशो पाहा: तो ०.१८९ आहे. म्हणजे या तक्त्यात रोप आणि तालुका हे रकाने नसते, तर गेन रेशो लावूनसुद्धा अनुक्रमांक मुळाशी बसला असता. ओळखीचे रकाने, जसे अनुक्रमांक, गट क्रमांक, खाते क्रमांक, हे सूत्रावर न सोपवता हिशेबाच्या आधीच बाजूला ठेवावे लागतात.

अमळनेरकर

लॉगबद्दल एक दुरुस्ती. पाया १० घेतला तर प्रत्येक गेन ०.३०१० पट होतो, पण सगळेच त्याच प्रमाणात लहान होत असल्यामुळे त्यांचा क्रम बदलत नाही आणि झाडही बदलत नाही. टिश्यूच्या फांदीची एन्ट्रॉपी १० च्या पायावर ०.२१७३ येते, तिला ०.३०१० ने भागा, ०.७२२ मिळतात. परीक्षेत ज्यांच्या कॅल्क्युलेटरवर फक्त १० चा लॉग आहे, त्यांनी एवढेच करावे.

पांझरा

क्रम बदलत नाही हे मान्य आहे. तरीही उत्तरपत्रिकेत १ च्या जागी ०.३०१ दिसले तर तपासणारा गुण कापेल, म्हणून पाया २ च ठेवावा असे माझे मत कायम आहे.

तापीकाठ

धन्यवाद मॅडम. एका ओळीची फांदी शुद्धच असणार, ही गोष्ट आमच्या गटात कोणी बोलले नव्हते. बागेच्या रकान्याचे काय करावे, ते मात्र अजून स्पष्ट झाले नाही. तो काढला तर हिशेब बराच कमी होईल.

अनेर

काढू नये. का, ते दुसऱ्या पातळीवर गेल्यावर दिसेल.

तालुका बाजूला ठेवून रोप मुळाशी घेतले, कंदाची फांदी स्थानिक या पानावर संपली. उरल्या टिश्यूच्या पाच ओळी, १ ते ५. येथून पुढे पूर्ण तक्ता विसरायचा; सुरुवातीची एन्ट्रॉपी आता १ नाही, ०.७२२ आहे, आणि भागायचे आठने नाही, पाचने. या पातळीवरही १ मधूनच वजाबाकी करणे ही उत्तरपत्रिकांत वारंवार आढळणारी चूक आहे. ती काही वेळा ओळखता येते, कारण अशा हिशेबात एखाद्या रकान्याचा गेन त्या नोडच्या एन्ट्रॉपीपेक्षाही मोठा निघू शकतो, आणि ते शक्य नाही. जेवढी अनिश्चितता होती, त्याहून जास्त कमी कशी होईल?

या पाच ओळींत स्कर्टिंग बॅग विचारली तर होयच्या तिन्ही ओळी निर्यात, नाहीच्या दोन ओळींत एक निर्यात आणि एक स्थानिक. शिल्लक २/५, गेन ०.३२२. बाग विचारली तर मृगच्या दोन्ही निर्यात, कांदेबागेच्या तीन ओळींत दोन निर्यात, एक स्थानिक, आणि गेन ०.१७१. पूर्ण तक्त्यात ज्या रकान्याचा गेन शून्य होता, त्याचा येथे शून्य राहिला नाही.

स्कर्टिंग बॅग निवडली की फक्त २ आणि ५ या ओळींचा वाद उरतो. दोन्हींत रोप टिश्यू, दोन्हींत बॅग नाही. त्यांना वेगळे करणारा, तालुका सोडला तर, एकच रकाना शिल्लक आहे आणि तो म्हणजे बाग. ओळ २ मृगची आहे, ओळ ५ कांदेबागेची आहे, गेन पूर्ण १. मुळाशी शून्य गेन असलेला रकाना शेवटचा निर्णय करतो, कारण पूर्ण तक्त्यात कंदाच्या ओळींनी त्याचा परिणाम झाकून टाकला होता. गेन दर वेळी एकच पाऊल पुढे पाहतो, दोन रकाने मिळून काय सांगतील ते त्याला आधी कळत नाही.

झाड असे येते:

```
रोप = कंद : स्थानिक
रोप = टिश्यू
    बॅग = होय : निर्यात
    बॅग = नाही
        बाग = मृग : निर्यात
        बाग = कांदे : स्थानिक
```

गोमाई_शिवार

मी शहाद्याकडचा केळी उत्पादक आहे. वरचा हिशेब मला सगळा समजला नाही, पण कंदाची केळी निर्यातीला जातच नाही असे येथे ठरवले जात असेल, तर ते मला मान्य नाही. माझी मृगबाग कंदाची होती, घडांना स्कर्टिंग बॅगा घातल्या होत्या, फण्यांची विरळणी वेळेवर केली होती, आणि माल व्यापाऱ्याने निर्यातीच्या बॉक्समध्ये भरला. टिश्यूची रोपे घेणे प्रत्येकाला परवडते असे नाही. विद्यार्थ्यांनी असे सरसकट निष्कर्ष काढू नयेत, ही विनंती.

तापीकाठ

काका, आम्ही शेतीचा निष्कर्ष काढलेला नाही. तक्ता कल्पित आहे आणि झाड फक्त त्या आठ ओळींचे आहे. तुमचा अनुभव आम्ही नववी ओळ म्हणून घेऊ शकतो का?

गोमाई_शिवार

अवश्य घ्या.

पांझरा

ही ओळ अपवाद आहे. ओळ ६ मध्येही कंद, मृग आणि बॅग होय असेच आहे आणि तो माल स्थानिक आहे. दोन्ही ओळी ठेवल्या तर तक्ताच विसंगत होतो. अपवाद काढून टाकणे हेच बरे.

अमळनेरकर

काढण्याआधी ती ओळ काय करते ते पाहा, कारण या धाग्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे. पुढचा तुकडा चालवा:

```python
from math import log2

def H(*n):
    s = sum(n)
    return -sum(x/s*log2(x/s) for x in n if x)

print(H(5,4) - 5/9*H(4,1) - 4/9*H(1,3))
```

नऊ ओळींत पाच निर्यात आणि चार स्थानिक. रोपाचा गेन ०.५४९ वरून ०.२२९ वर येतो, कारण कंदाची फांदी आता शुद्ध राहिली नाही. स्कर्टिंग बॅगची विभागणी पाहिली तर होयमध्ये चार आणि एक, नाहीमध्ये एक आणि तीन, म्हणजे अगदी हेच आकडे आणि हाच गेन, ०.२२९. तालुका सोडला तर मुळाशी कोण, हे एका ओळीने अनिर्णित केले. आठ ओळींत ज्याचे वर्चस्व निर्विवाद दिसत होते, ते एवढेच मजबूत होते.

बरोबरी झाल्यावर हाताने काढणारा सहसा डावीकडचा रकाना घेतो. `scikit-learn` मध्ये रकान्यांचा क्रम दर वेळी यादृच्छिक बदलला जातो, म्हणून `random_state` निश्चित केला नाही तर एकाच तक्त्यावर दोनदा वेगळे झाड दिसू शकते. दोन मित्रांची झाडे जुळली नाहीत, म्हणून त्यांतले एक चूक असलेच पाहिजे असे नाही. मी दोन्ही झाडे कागदावर पूर्ण काढली, आणि येथे तरी दोन्हींचे निर्णय प्रत्येक ओळीसाठी तेच येतात, केवळ प्रश्न विचारण्याचा क्रम बदलतो.

त्याच अनुषंगाने आणखी एक सांगतो. `scikit-learn` ची झाडे नेहमी दोनच फांद्या करतात, `criterion="entropy"` दिले तरीही. तालुका तेथे वन-हॉट पद्धतीने दिला तर प्रश्न "रावेर आहे की नाही" असा होतो, आणि आठ ओळींच्या तक्त्यात तालुक्याच्या अशा कोणत्याही प्रश्नाचा गेन ०.३११ च्या वर जात नाही. त्यामुळे हाताने काढलेल्या झाडात तालुका मुळाशी आणि संगणकाच्या झाडात रोप मुळाशी, असे दिसले तर गोंधळू नये.

अनेर

पांझरा, ती ओळ काढण्यास माझा विरोध आहे. ती खोटी आहे असे म्हणायला आपल्याकडे आधार नाही, ती फक्त आपल्या झाडाला अडचणीची आहे. ६ आणि ९ या ओळी तिन्ही रकान्यांत समान आहेत आणि क्लास मात्र वेगळा आहे; याचा अर्थ असा की निर्णय ठरवणारी एखादी गोष्ट आपल्या तक्त्यात नोंदलेलीच नाही. काकांनी ती वर सांगितलीही आहे: फण्यांची विरळणी. तो रकाना आपल्याकडे नाही. तो येईपर्यंत त्या पानावर एकास एक एवढेच लिहिणे प्रामाणिक ठरेल.

येथे एक मोह असतो. तालुक्याचा रकाना ठेवला असेल तर झाड याच ठिकाणी तो वापरेल, कारण ओळ ६ यावलची आणि ओळ ९ शहाद्याची आहे, आणि गेन पूर्ण १ मिळेल. मग झाड सांगेल की कंदाचा, बॅग घातलेला माल यावलचा असेल तर स्थानिक आणि शहाद्याचा असेल तर निर्यात. सरावाच्या तक्त्यावर शंभर टक्के अचूक, आणि नव्या ओळीसाठी निराधार.

सावद्याची_शुभांगी

तालुक्याला इतके निरर्थक ठरवणे मला पटत नाही. माझ्या माहेरी केळीचाच व्यवहार आहे. पॅकहाऊस किती जवळ आहे, जमीन कशी आहे, उन्हाळ्यात पाणी पुरते का, हे सगळे तालुक्यागणिक बदलते, आणि कापणीनंतर माल किती लवकर थंड होतो यावर निर्यात बरीच अवलंबून असते. हजार ओळी असत्या आणि प्रत्येक तालुक्याच्या शंभरेक नोंदी असत्या, तर तालुका खरोखरच उत्तम ॲट्रिब्यूट ठरू शकला असता.

अनेर

शुभांगीताई, हा आक्षेप रास्त आहे. फांदीत शंभर ओळी असतील तर तिची शुद्धता योगायोगाने येत नाही, आणि तेव्हा माझा वरचा युक्तिवाद तालुक्याला लागू राहणार नाही. अनुक्रमांकाला मात्र तो कितीही ओळी असल्या तरी लागू राहील. तरीसुद्धा मी तालुक्याऐवजी पॅकहाऊसचे अंतर हाच रकाना घेईन, कारण पाचोऱ्याच्या नव्या ओळीलाही अंतर असते.

सावद्याची_शुभांगी

अंतराने जमीन आणि पाणी सांगितले जात नाही. मी दोन्ही रकाने ठेवीन.

पांझरा

विसंगत ओळ ठेवायची तर ठेवा, पण मग झाड कोठे थांबवायचे याचा नियमही सांगा. नाहीतर प्रत्येक जण हवे तेथे थांबेल.

अमळनेरकर

पानात किमान किती ओळी हव्यात ते आधी ठरवून थांबवता येते. सी-४.५ च्या वेका आवृत्तीत, म्हणजे `J48` मध्ये, हा आकडा मुळात २ असतो आणि शिवाय झाड पूर्ण वाढवून मागाहून छाटणीही होते. आठ-नऊ ओळींवर मात्र कोणताही नियम फारसा पारखता येत नाही. पारखायला बाजूला ठेवलेल्या ओळी लागतात आणि येथे ठेवायला काही नाही.

तापीकाठ

पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. परीक्षेत असाच तक्ता आला आणि फक्त "इन्फर्मेशन गेन वापरून झाड काढा" एवढेच विचारले, तर तालुक्याचे काय लिहावे?

अनेर

प्रश्नात गेन म्हटले असेल तर सर्व रकान्यांचा गेन काढून दाखवा, तालुक्याचाही. ०.७५ हा आकडा लपवू नका. प्रश्नाने सर्व रकाने वापरायला सांगितले असतील तर नियमाप्रमाणे तालुका मुळाशी ठेवून झाड पूर्ण करा. यावलची फांदी रोपाने सुटते, तेही लिहा. त्याखाली दोन वाक्यांत नोंद करा की पाच फांद्यांपैकी एकीतही दोनपेक्षा जास्त ओळी नाहीत आणि गेन रेशोने रोप पुढे येते. अनुक्रमांकाचा रकाना मात्र पहिल्याच ओळीत वगळल्याचे सांगून टाका.

गोमाई_शिवार

माझ्याकडे मागच्या हंगामांची वही आहे. लागवडीची तारीख, रोप, बॅगा, विरळणी, कापणीची तारीख, व्यापाऱ्याने दिलेला भाव आणि माल कोठे गेला, एवढे त्यात लिहिलेले आहे. शेजारच्या दोघांच्याही वह्या मिळतील. विद्यार्थ्यांना उपयोग होणार असेल तर फोटो काढून पाठवतो.

तापीकाठ

काका, फार उपयोग होईल. विरळणीचा रकाना आम्हाला हवाच आहे. भावाचाही घेतो, तो आकड्यांत असल्यामुळे सोपा जाईल.

अनेर

भाव घेऊ नका. निर्यातीच्या मालाला भाव वेगळा मिळतो, म्हणून त्याचा गेन जवळपास पूर्ण येईल आणि झाड एकाच प्रश्नात संपेल. पण भाव कळतो तो माल कोठे जाणार हे ठरल्यावर, आणि तुम्हाला अंदाज कापणीच्या आधी हवा आहे. वहीतल्या प्रत्येक रकान्यासमोर ती गोष्ट कोणत्या दिवशी कळते ते लिहा आणि कापणीनंतरचे सर्व रकाने बाजूला ठेवा. विरळणी केली की नाही एवढेच न लिहिता, घडावर किती फण्या ठेवल्या ते वहीत असेल तर तो आकडा घ्या.

गोमाई_शिवार

फण्यांचा आकडा माझ्या वहीत आहे. शेजाऱ्यांच्या वहीत आहे का, ते विचारून उद्या कळवतो.